नळीला चीर, रेग्युलेटर झिजलेला

आमच्या गल्लीत गॅस पहिल्यांदा आला तो आमच्या घरी, आणि माझ्या थोरल्या भावानं, म्हणजे महिपतीदादानं, तो स्वयंपाकघरात ठेवलाच नाही. स्वयंपाकघर मागच्या अंगाला, अंधारं. तिथला गॅस कुणाला दिसणार? म्हणून ओटा-बिटा सोडून बाहेरच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीखाली टेबल टाकून त्यावर शेगडी मांडली. सिलिंडर टेबलाशेजारी. नळी अशी वळवली की रस्त्यानं जाणाऱ्याला ती पूर्ण लांबीत दिसावी. त्याच खोलीत आढ्याला दादाच्या तान्ह्या पोरीचा, चिमीचा पाळणा. दादाच्या मते दोन्ही गोष्टी घराची प्रगती दाखवत होत्या.

पाहुणा आला की दादा त्याला चहा विचारायच्या आधी रेग्युलेटर दाखवायचा. "हे बघा, चालू. हे बघा, बंद. चालू. बंद." पाहुणे माना डोलवायचे. एका पाहुण्यानं स्वतः फिरवून बघायची परवानगी मागितली तेव्हा दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनी तोवर चहाचं आधण हातात धरून उभी. दिवसाकाठी जेवण दोनदा व्हायचं आणि रेग्युलेटर वीसदा फिरायचा. खिडकी पश्चिमेची. सोलापूरचा उन्हाळा दुपारनंतर थेट नळीवर येऊन बसायचा. नळीनं असे दोन उन्हाळे काढले. माणूस असती तर केव्हाच नोकरी सोडून गेली असती.

दादा मिलच्या कचेरीत क्लार्क होता. गॅस मिळावा म्हणून त्यानं जेवढे अर्ज लिहिले तेवढे बदलीसाठीही लिहिले नव्हते. गॅस आला आणि रेशनकार्डावर शिक्का बसला, रॉकेल बंद. दादा म्हणाला, "आता रॉकेल आपल्या काय कामाचं?" स्टोव्ह मोडीत गेला. कोळशाची शेगडी त्यानं शेजारच्या मल्लव्वाला चारचौघांत दान केली. शेगडी देताना त्यानं छोटंसं भाषणही केलं. मल्लव्वा भाषण संपेपर्यंत थांबली नाही. शेगडी घेऊन गेली.

एके दिवशी मकदूम सिलिंडर घेऊन आला. हा एजन्सीचा माणूस, सायकलच्या गाडीवर सिलिंडर घालून गावभर हिंडणारा. त्याच्या आरोळीला बायका दार उघडायच्या आणि त्याला तो स्वतःचा मान वाटायचा. रिकामा सिलिंडर काढायला त्यानं रेग्युलेटर फिरवला तर तो हातात डुगडुगला. नळी वाकवली तर टोकाशी, नळी आवळणाऱ्या पट्टीच्या खाली, चांगली बोटभर चीर उघडली. आतलं रबर राखेच्या रंगाचं दिसायला लागलं.

"भाभी, नळी गई की ये," मकदूम म्हणाला. "और रेग्युलेटर के आटे घिस गए. बंद पे किया तो बी पूरा बंद नई होता."

"मग?" वहिनी म्हणाली.

"मग काय, लावतो. काडी लावून बघू, कुठून गळतंय ते."

त्यानं खिशातून काडेपेटी काढलीसुद्धा. वहिनी वळसंगची. आवाज न चढवता माणसाला जागेवर बसवायची कला त्या गावात जन्मतःच मिळत असावी.

"ठेवा ती खाली," ती म्हणाली. "काडीनं बघता व्हय गळती? उद्या हिरीत पाणी हाय का बघाय पोराला ढकलून बघशिला."

"रोज बघतो की भाभी. आजतक कुछ हुआ नई."

"झालं असतं तर सांगाय कोण राह्यलं असतं?"

मकदूमला हा मुद्दा नवा होता. त्यानं काडेपेटी खिशात घातली, भरलेला सिलिंडर सील न तोडता कोपऱ्यात उभा केला, पावतीवर सही घेतली आणि म्हणाला, "एजन्सीला तक्रार लिहून पाठवा. तक्रारीशिवाय मेकॅनिक येत नाही. रेग्युलेटर कंपनीचा, फुकट बदलून मिळतो. नळी तुमची, तिचे पैसे पडतील." आणि रिकामा सिलिंडर घेऊन गेला.

संध्याकाळी दादा आला. भरलेला सिलिंडर, उघडी नळी आणि थंड शेगडी बघून त्याला पहिल्यांदा खिडकीची काळजी वाटली. त्यानं पडदा ओढला.

"एवढीशी चीर," तो म्हणाला. "चिंधी गुंडाळून चालेल."

"चिंधी तुमच्या बोटाला गुंडाळा," वहिनी म्हणाली. "माजी पोर ह्याच खोलीत झोपती. नवी नळी आन् नवं रेग्युलेटर आल्याबिगर ह्या घरात मी काडी वढनार न्हाई. लई झालं ते चालू-बंद."

मग दादानं तक्रार लिहायला घेतली.

एवढ्या आनंदानं तक्रार लिहिणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. पेन धुतलं, नवी शाई भरली, वहिनीला चहा करायला सांगितला, तो होऊ शकत नाही हे आठवल्यावर पाणी प्यायला. ते दिवस आणीबाणीचे, शिस्तीचे होते, कचेऱ्यांच्या भिंतींवर शिस्तीच्या पाट्या होत्या, त्यामुळे तक्रार करायची तर ती तक्रार वाटता कामा नये असं दादाचं मत. सुरुवात अशी:

"महोदय, सोलापूर नगरीतील समस्त गृहिणीवर्गाच्या नेत्रांतील धूर पुसण्याचे जे पवित्र कार्य आपण अंगीकारले आहे, त्याबद्दल आपले मनःपूर्वक अभिनंदन करून, आपल्या कृपाछत्राखाली येण्याची जी मनीषा आमच्या कुटुंबाने दीर्घकाळ बाळगली..."

पुढं आमच्या कुटुंबाची मनीषा दोन पानं चालली. तिसऱ्या पानावर विज्ञानयुग आलं. नळी आली चौथ्या पानाच्या तळाला, तीही "किंचित विदीर्ण" अशी. रेग्युलेटरसाठी ताव उरला नाही म्हणून तो समासात उभा लिहिला.

"दादा, आधी नळी लिही ना," मी म्हणालो.

"तू बीएला दोनदा नापास झालास तो ह्याच घाईमुळे," दादा म्हणाला.

पत्र मीच नव्या पेठेत एजन्सीच्या खिडकीत दिलं. कापडाच्या आणि सोन्याच्या दुकानांच्या मधोमध ती एजन्सी होती, आणि तिच्या पायऱ्यांवर शेजारच्या सराफाकडं नसेल एवढी गर्दी. सगळे नव्या कनेक्शनवाले. सगळ्यांच्या हातात अर्ज, काहींच्या हातात कुणाकुणाच्या शिफारशीच्या चिठ्ठ्या.

उत्तर झटकन आलं, हेच मला खटकलं. छापील कार्ड होतं. "आपला नवीन जोडणीसाठीचा अर्ज मिळाला. आपले नाव प्रतीक्षा यादीत नोंदवले आहे. कृपया चौकशीसाठी येऊ नये." खाली चार आकडी क्रमांक.

दादानं कार्ड तीनदा वाचलं. "ह्यांनी पहिलंच पान वाचलं," तो म्हणाला.

"पहिल्या पानावर काय हुतं?" वहिनीनं विचारलं.

"अभिनंदन."

"मग बराबर हाय की. गॅसवाल्याचं अभिनंदन गॅस मागाय आलेला माणूसच करतो."

एव्हाना आमच्या भाकऱ्या मल्लव्वा करून देत होती, आमच्याच शेगडीवर. भाकरी देताना ती आम्हाला शेगडीची तब्येत सांगायची. "लई गुणाची हाय बघा. कदी गळत न्हाई, कदी अर्ज मागत न्हाई." दादा भाकरी घेताना मान खाली घालायचा. एकदा तो शेगडी परत मागायला गेला, तर मल्लव्वा म्हणाली, "देते की. पन तुमी भाशान केलं हुतं न्हवं, ते आदी परत घ्या."

मग दादानं मला धाडलं, एजन्सीच्या मालकांशी तोंडी बोलायला. मालक गुरुबसप्पा. पांढरा सदरा, कपाळावर विभूती, टेबलावर काच, काचेखाली देव आणि पुढाऱ्यांचे फोटो एका रांगेत. लोकांनी त्यांना अण्णा म्हणायचं आणि त्यांनी लोकांना क्रमांकानं ओळखायचं, असा व्यवहार.

"चिठ्ठी कुणाची आणलाय?" त्यांनी विचारलं.

"कुणाचीच नाही. तक्रार आहे. नळीला चीर पडलीय आणि रेग्युलेटर झिजलाय."

त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. गॅस असून समाधानी नसलेला माणूस त्यांना बहुधा नवा होता.

"गॅस चालू हाय का?"

"नाही. लावलाच नाही. नळी फाटकी आहे म्हणून."

"मग गळती कुठं हाय?"

"लावला तर गळेल."

"गळेल. गळत नाही अजून. गळती नाही तर तक्रार कशाची नोंदवू सांगा? माझा मेकॅनिक येडू, त्यो गळतीला जातो. तुमच्याकडं गळतीच नाही. चालू करा, गळू द्या, मग या की. लगेच पाठवतो."

"आणि मधल्या मधे पेटलं तर?"

"ते खातं आगीच्या बंबाचं," अण्णा म्हणाले आणि पुढच्या माणसाला खूण केली.

मी हे सगळं घरी जसंच्या तसं सांगितलं. दादा म्हणाला, "नियमाच्या दृष्टीनं बघितलं तर त्यांचं म्हणणं चूक नाही. पाचच मिनिटं चालू करू. थोडं गळू देऊ. मग रीतसर—"

वहिनी उठली. पाळण्यातून चिमीला काढून मल्लव्वाकडं दिलं. नळी आणि रेग्युलेटर बाजाराच्या पिशवीत घातले. मला म्हणाली, "भावजी, कागुद घ्या. मी सांगते तेवढंच लिवा. अभिनंदन न्हाई, मनीशा न्हाई."

मी लिहिलं, खाली वहिनीचं नाव घालून: "नळीला चीर आहे. रेग्युलेटर बंद होत नाही. आजच बदला. नाहीतर आम्ही कनेक्शन परत देतो. सोजरबाई."

'परत देतो' ऐकून दादा भिंतीला टेकला. "अगं, लोक आयुष्य घालवतात हे मिळवायला!"

"घालवू द्या. मला पोरीचं घालवायचं न्हाई. घर धुरानं काळं झालं तरी चालंल, पन ह्या नळीवर मी काडी लावत न्हाई म्हंजे न्हाई."

ती खरंच परत देणार होती. तिचा चेहरा मी ओळखत होतो. हा चेहरा घेऊन ती एकदा माहेरी गेली होती आणि तिला परत आणायला दादाला सासऱ्यांच्या पाया पडावं लागलं होतं. आम्ही दोघं तिच्या मागोमाग नव्या पेठेत गेलो. दादा दहा पावलं मागं, ओळख दाखवत नव्हता.

पायऱ्यांवरची रांग तशीच होती. वहिनी सरळ आत गेली आणि कागद काचेवर ठेवला. अण्णांनी तो वाचला, कारण त्यात वाचण्याजोगं पहिल्या ओळीपासून होतं.

"परत देता?" ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका खुलला की मलाच भीती वाटली. "द्या की बाई. जबरदस्ती कुणाची हाय? आत्ता लिहून घेतो."

हे आमच्या हिशेबात नव्हतं. रिकामी झालेली जोडणी म्हणजे अण्णांच्या हातातला हुकमाचा एक्का, ती कुणाला द्यायची ते तेच ठरवणार. मागं दादाच्या घशातून एक आवाज आला. आणि रांगेत बातमी पसरली. एक बाई गॅस परत देतीय! माणसं पायऱ्या चढून आत आली. नव्या पेठेतलाच शिंपी, बंदेनवाज नावाचा, तो सगळ्यांत पुढं घुसला.

"आपा, मला द्या," तो म्हणाला. "चार वर्षं अर्ज घालतोय. तुमच्या घरच्यांचे कपडे जन्मभर फुकट शिवीन."

"ह्यो घ्या," वहिनी म्हणाली आणि पिशवीतली नळी त्याच्या हातात दिली. "ह्याच्यासकट हाय."

बंदेनवाजनं शिंप्याच्या सवयीनं ती बोटांवर ताणली. चीर उघडली. "हे तर उसवलंय," तो म्हणाला. "अण्णा, मला नळी नवी देणार ना? आणि रेग्युलेटर?"

"नळी तुझी तू घ्यायची," अण्णा म्हणाले. "रेग्युलेटरला काय झालं? चांगला हाय. बाईमाणसाला घट्ट करता येत नाही म्हणून डुगडुगतो. त्योच तुला देतो."

"चांगला हाय?" वहिनी म्हणाली.

"एकदम चांगला."

"मग लावून दाखवा की. हितंच."

काउंटरच्या टोकाला लोकांना दाखवायला शेगडी आणि सिलिंडर मांडलेलाच होता, हार घालून. माणसं बघायला लागल्यावर अण्णांना मागं सरकायला जागा राहिली नाही. त्यांनी येडूला हाक मारली. येडू म्हणजे झोपेतून उठल्यासारखा दिसणारा मेकॅनिक. त्यानं आमचा रेग्युलेटर सिलिंडरवर चढवला, पिळून पिळून घट्ट केला, एजन्सीची स्वतःची चांगली नळी जोडली, शेगडी बंदच ठेवली, रेग्युलेटर 'बंद'वर नेला आणि सिलिंडरची चावी उघडली.

बारीक सूं असा आवाज आला. मग वास.

अण्णा उठले. टेबलामागं भिंतीवरही देव आणि पुढारी होते, आणि देवापुढं फळीवर समई जळत होती, सकाळी लावलेली, शेजारी उदबत्ती. अण्णांनी उदबत्ती आधी कुंडीतल्या मातीत खुपसली, मग समईकडं वळले आणि फुंकर मारली. देवापुढचा दिवा, धंद्याच्या वेळी, मालकानं, तोंडानं. एवढी मोठी फुंकर की पुढाऱ्यांच्या फोटोवरची धूळसुद्धा उडाली.

"येडू, बंद कर!" ते ओरडले. "चावी बंद कर, दारं उघड! पंख्याच्या बटणाला कुणी हात लावू नका!"

येडूनं चावी फिरवली. दार आधीच माणसांनी उघडं धरलं होतं, बाहेर पडता पडता. बंदेनवाज पायरीवरून आत डोकावून म्हणाला, "अण्णा, चांगला होता ना? मग दिवा का विझवलात?"

"वाऱ्यानं गेला," अण्णा म्हणाले.

"वारा तुमच्या तोंडातून आला की," वहिनी म्हणाली.

रांग हसली. रांगेतले लोक आजवर अण्णांपुढं हसले नव्हते. एकदा हसल्यावर त्यांना त्याची गोडी लागली. एकजण म्हणाला, "आम्हाला पण असलेच देणार का?" दुसरा म्हणाला, "मी डिपॉझिट भरतो, पण मालकांनी घरी येऊन लावून द्यायचं." बंदेनवाज म्हणाला, "आपा, तुमचं कनेक्शन तुम्हालाच मुबारक. मी धुरात शिवलेला बरा."

अण्णांनी कपाळ पुसलं, विभूती हाताला आली. "येडू," ते म्हणाले, "बाईंना नवीन रेग्युलेटर काढ. नळी पण दे. घरी जाऊन बसवून ये."

"येडूनं बसवावं," वहिनी म्हणाली, "पन काडी वढताना तुमी शेजारी बसायचं. तुमीच म्हनलासा न्हवं, चालू करा, गळू द्या. बसा मग. न्हाईतर कागुद तिथंच हाय, घ्या लिवून."

अण्णांनी रांगेकडं बघितलं. रांग त्यांच्याकडंच बघत होती.

आमच्या घरी पहिल्यांदाच एवढा मोठा माणूस आला आणि दादाला त्याचं स्वागत करता आलं नाही, कारण वहिनीनं आल्याआल्या टेबल खिडकीपासून ओढायला लावलं. ते उचलून आम्ही मागच्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात नेलं. अण्णांना पाट दिला, शेगडीपासून हातभर अंतरावर. मल्लव्वा चिमीला कडेवर घेऊन अंगणापल्याड उभी राहिली. तिला आत येऊ दिलं नाही.

येडूनं सील तोडलं, नवा रेग्युलेटर चढवला, नळीला दोन्ही टोकांना पट्ट्या आवळल्या, उठला आणि म्हणाला, "झालं. पेटवा."

"थांब," अण्णा म्हणाले. "साबण लाव की."

"मालक, साबण कधी लावतो आपण?"

"लाव म्हणतो ना!"

वहिनीनं वाटीत साबणाचं पाणी करून दिलं. येडूनं ते सांध्यांवर फासलं. बुडबुडा आला नाही. "झालं," तो म्हणाला.

"खालच्या टोकाला लाव. वॉशर आत बसलाय का बघ. काढून परत बसव." अण्णांचा सदरा पाठीला चिकटला होता. "परत साबण लाव. त्या बाजूनं. अरे, तिथं काय चमकतंय? बुडबुडा हाय काय त्यो?"

"उजेड हाय, मालक."

"उजेड असू दे, पुसून परत लाव."

ते तिसऱ्यांदा झालं तेव्हा दादा माझ्या कानात म्हणाला, "माणूस कर्तव्यदक्ष आहे हं." मी त्याच्याकडं बघितलं. तो मनापासून बोलत होता.

वहिनीनं मागची खिडकी सताड उघडली, काडी ओढली आणि अण्णांकडं बघत बघत बर्नरचं बटण फिरवलं. जाळ निळा, गोल आणि मुकाट आला. वास नाही. तिनं तवा ठेवला, पीठ काढलं, परातीत भाकरी थापायला लागली. थापण्याचा आवाज अंगणापल्याड गेला तशी मल्लव्वा चिमीला घेऊन आत आली.

अण्णा पाटावरच बसले होते. पाय मुडपून, हात गुडघ्यांवर, जाळाकडं बघत.

"बाई," ते हळूच म्हणाले, "आता उठू काय?"

"बसा की," वहिनी म्हणाली. "पयली भाकरी फुगू द्या."